हरकत नोंदवून घ्यावी

कुमुद नाखवाला सगळं येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

म्हणजे मुकी नव्हती ती. मैत्रिणींत बोलायची, हसायची. पण चारचौघांत उभं राहायची वेळ आली की शब्द घशातच अडकायचे. कोणी मोठं माणूस बोलत असलं तर त्याचं संपेपर्यंत ती गप्प राहायची, आणि त्याचं संपेपर्यंत विषयच संपलेला असायचा. तिची आई चंद्रावती उरणजवळच्या करंजाच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारायची. तिचा आवाज धक्क्यापासून पार शेवटच्या होडीपर्यंत जायचा. मुलगी वकिलीला जाते याचा तिला मोठा अभिमान, पण काळजीही तेवढीच.

"आगो, तुजा आवाज घरातल्या मांजरीला नाय ऐकू येत," ती म्हणायची. "जजसायबाला कसा येल?"

कुमुद हसून वेळ मारून न्यायची. पण आईचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

ती पनवेलच्या लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज कसलं, एका शाळेच्या वरच्या मजल्यावर सकाळी भरणारे चार वर्ग. दुपारी त्याच बाकांवर सातवी-आठवीची पोरं बसायची, त्यामुळे फळ्याच्या कोपऱ्यात कायम कुठलं तरी अपूर्णांकाचं गणित राहिलेलं असायचं. एरवी कुमुदला हे कॉलेज फार आवडायचं. पण यंदा विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकं आली होती आणि त्यांच्याबरोबर तोंडी परीक्षा. लेखी पेपरात वर्गात पहिली येणारी ही मुलगी तोंडी परीक्षेच्या नुसत्या नावाने गार पडायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी कॉलेजचं छोटं स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश चारुदत्त फणसे येणार होते. सत्तरीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, पांढरी सुती पँट आणि पायात कोल्हापुरी चप्पल. शाल झाली, नारळ झाला. पुरावा कायदा शिकवणाऱ्या सुनीता भगत मॅडमनी दोन पानं भरून परिचय वाचला. मुलं मागच्या बाकांवर ऐसपैस बसली, कारण आता भाषण होणार आणि त्यानंतर बटाटेवडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फणसे साहेब उठले. शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"मी भाषण आणलेलं नाही," ते म्हणाले. "तुमची तोंडी परीक्षा जवळ आली असं भगत मॅडम मघाशी सांगत होत्या. मग आजच घेऊन टाकू. खोटी खोटी. मार्क नाहीत, नापास नाही. ते टेबल जरा पुढे ओढा बघू."

वर्गात एकदम चुळबुळ झाली. मागच्या दाराशी बसलेले दोघे हळूच उठले, पण तिथे सुनीता मॅडम आधीच जाऊन उभ्या होत्या. कुमुदने आपली जागा सरकवली आणि खांबाच्या आड झाली.

"नियम एकच," साहेब म्हणाले. "येत असेल तर सांगायचं. येत नसेल तर 'माहीत नाही, पण अमुक ठिकाणी शोधीन' असं सांगायचं. फेकायचं नाही."

पहिला नंबर लागला प्रदीप भोईरचा. जासईचा हा मुलगा तसा बिनधास्त.

"तुमचाच साक्षीदार कोर्टात उलटला. काय कराल?"

"त्याला होस्टाइल जाहीर करून टाकीन, सर. मग त्याची साक्ष बाद."

"हा होस्टाइल शब्द कुठल्या कलमात आहे?"

प्रदीपने छताकडे पाहिलं. "एकशे चोपन्न, सर."

"कलम बरोबर. शब्द मात्र त्यात नाही. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीत विचारतात तसले प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, एवढंच तिथे म्हटलंय. आणि त्याची साक्ष आपोआप बाद होत नाही. तिच्यातलं जे विश्वास ठेवण्याजोगं असेल ते कोर्ट घेऊ शकतं. तुम्ही तर अख्खा माणूसच फेकून दिलात."

वर्ग हसला, प्रदीपही हसला. मग साहेबांनी मितेश शहाकडे बोट केलं. बाजारपेठेत मितेशच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाढलेला हा मुलगा कुठल्याही विषयावर अडखळल्याशिवाय बोलू शकत असे.

"सरकार विरुद्ध बंडू गोविंद, हा निवाडा वाचला असेलच तुम्ही?"

"अर्थात, सर. फारच महत्त्वाचा निवाडा."

"काय ठरलं त्यात?"

"त्यात सर, कोर्टाने असं म्हटलं की साक्षीदाराचा पुरावा अतिशय बारकाईने, म्हणजे सर्व परिस्थिती ध्यानात घेऊन तपासला पाहिजे."

"छान. बंडू गोविंद आमच्याकडे दूध घालतो. त्याच्यावर अजून तरी खटला झालेला नाही."

बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या. सुनीता मॅडमनी पदराने तोंड झाकलं, तरी त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मितेश कानापर्यंत लाल झाला, पण मुलगा खिलाडू. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "माहीत नाही सर, पण दूधवाल्याला विचारीन."

"जमलं!" साहेब म्हणाले. "आता खरी गंमत करू. प्रश्नोत्तरं पुरे, खटलाच चालवू. मितेश, तुम्ही सरकारी वकील. प्रदीप, तुम्ही तपास करणारे फौजदार, इथे पिंजऱ्यात या. मी न्यायाधीश, ती सवय आहे मला. आणि बचाव पक्षाच्या वकील..." त्यांनी नजर फिरवली. "खांबामागे कोण आहे? या पुढे."

कुमुद कशीबशी उठून टेबलाशी आली.

साहेबांनी गोष्ट सांगितली. सुदाम नावाच्या माणसावर शेजाऱ्याच्या खुनाचा आरोप. सोमवारी शेतातल्या गड्याने पोलिसांना जबाब दिला की, सुदामला त्याच्या गोठ्यात, गवताच्या गंजीत कोयता लपवताना मी पाहिलं. मंगळवारी सुदामला अटक झाली. कोठडीत, दोन पंचांसमोर सुदाम फौजदाराला म्हणाला, 'ज्या कोयत्याने मी शेजाऱ्याला मारलं तो मी गोठ्यात गवताखाली लपवलाय, चला, काढून देतो.' मग पंचनामा झाला आणि कोयता मिळाला.

"करा सुरुवात," साहेब म्हणाले.

मितेशने कॉलर नीट केली. "फौजदार साहेब, कोठडीत आरोपी काय म्हणाला?"

प्रदीप छाती काढून बोलू लागला. "आरोपी म्हणाला, ज्या कोयत्याने मी शेजाऱ्याला मारलं..."

कुमुदला सगळं कळत होतं. पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, कलम पंचवीस. कोठडीत दिलेली, समोर मॅजिस्ट्रेट नसताना, तीही नाही, कलम सव्वीस. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा, कोपऱ्यापर्यंत. आणि वाट पाहत राहिली. प्रदीपचं वाक्य पूर्ण झालं.

"गेलं," साहेब म्हणाले. "कबुली माझ्या कानात गेली. मी ती कागदावर घेणार नाही, मनातूनही काढून टाकीन. पण ती आत येण्याआधी दार लावणं हे तुमचं काम होतं. तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं होतं, सर." आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचला. "पण तो बोलत होता. बोलणाऱ्याला मध्येच कसं तोडायचं?"

वर्ग पुन्हा हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न," ते म्हणाले. "नीट ऐका. घरात कोणी बोलत असताना तोडलं तर त्याचा अपमान होतो. कोर्टात तसं नसतं. तिथे तुम्ही माणसाला अडवत नाही, पुराव्याला अडवता. त्या सुदामच्या वतीने दुसरं कोणी बोलणार आहे का? तुम्ही सभ्यपणे थांबलात की तो गेलाच. प्रश्न संपला, उत्तर सुरू व्हायचंय, त्या मधल्या फटीत उभं राहायचं. दोनच शब्द, 'हरकत आहे.' कारण नंतर सांगायचं. पुन्हा सुरू करा."

मितेश पुन्हा उभा राहिला. "फौजदार साहेब, आपलं पूर्ण नाव..."

"हरकत आहे!" कुमुद ओरडली.

सगळा वर्ग हसून कोसळला. प्रदीप पिंजऱ्यातून, म्हणजे खुर्चीच्या पाठीमागून, म्हणाला, "युवर ऑनर, माझ्या नावात काय बेकायदा हाय?" आणि कुमुदला स्वतःलाच हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसली ती. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लोकांसमोर आपलं हसं झालं, आणि तरी आपण धडधाकट उभ्या आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. आतली गाठ तिथेच कुठेतरी सैल झाली असावी.

"आवाज आहे म्हणजे," साहेब म्हणाले. "आता तो योग्य जागी काढा. पुन्हा."

"कोठडीत आरोपी काय म्हणाला?" मितेशने विचारलं.

प्रदीपने तोंड उघडलं.

"हरकत आहे, युवर ऑनर."

प्रदीप तोंड उघडंच ठेवून थांबला.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"उत्तरात आरोपीची पोलिसाजवळची कबुली येणार आहे. कलम पंचवीस आणि सव्वीसप्रमाणे ती सिद्ध करता येत नाही."

मितेश उसळला. "पण सत्तावीस आहे की! आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर माहिती पुराव्यात येते. इथे कोयता सापडलाय."

"येते, पण सगळी नाही," कुमुद म्हणाली. आवाज अजून कापत होता, पण थांबत नव्हता. "जी गोष्ट उघडकीस आली तिच्याशी थेट संबंध असलेला भाग तेवढाच येतो. उघडकीस काय आलं? गोठ्यात कोयता आहे, आणि तो तिथे असल्याचं सुदामला ठाऊक आहे. खून कोणी केला ते गवताखालून उघडकीस येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने सत्तेचाळीस साली हेच सांगितलंय."

"मग वाक्य कुठे कापायचं? सांगा, मी लिहून घेतो."

कुमुदने डोळे मिटले. "'कोयता मी गोठ्यात गवताखाली लपवलाय, चला, काढून देतो.' एवढं यावं. 'ज्या कोयत्याने मी शेजाऱ्याला मारलं' हे काढावं."

"युवर ऑनर, मग त्या कोयत्याला अर्थ काय राहिला?" मितेश खरोखरच चिडला होता. "गावात घरटी कोयता असतो."

"तो कोयता खुनातला आहे हे सरकारने दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावं," कुमुद म्हणाली. "पात्यावरच्या रक्ताचा रासायनिक तपासणीचा अहवाल आणावा. आरोपीच्या तोंडून घेऊ नये."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी टेबलावर बोटं आपटली.

"हरकत फेटाळली," ते कोरडेपणाने म्हणाले. "पूर्ण वाक्य पुराव्यात घेतो. बसा."

कुमुदला वाटलं आपण चुकलो. तिने सुनीता मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा गोंधळलेला. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या सर्वात वरच्या कोर्टाचा, तो निवाडा मॅडमनीच शिकवला होता. मग चुकलं कोण? समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने तीस वर्षं खटले चालवले होते. ती खाली बसू लागली. गुडघे वाकले, आणि अर्ध्यावरच थांबले. सुदाम खोटा होता, गोठा खोटा होता, कोयताही खोटा. पण वाक्य तिने बरोबर कापलं होतं.

"युवर ऑनर, न्यायालयाचा आदेश मला मान्य आहे. पण माझी हरकत, तिच्या कारणासह, नोंदवून घ्यावी अशी विनंती आहे."

"मी आदेश दिलाय, बाई. बसा म्हटलं ना?"

"बसते, युवर ऑनर," कुमुद म्हणाली. "हरकत नोंदली की बसते."

कोणी हसलं नाही. मितेशही तिच्याकडे बघत राहिला. फणसे साहेबांनी सावकाश पेन उचललं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग त्यांचा सगळा चेहरा हसला.

"नोंदली," ते म्हणाले. "आदेश चुकीचा होता, मुद्दाम दिला, आता मागे घेतो. वाक्य तुम्ही कापलंत तेवढंच. माझ्यासारखे न्यायाधीश चुकतात. मग वकिलाने काय करायचं? भांडायचं नाही, रडायचं नाही, आणि मुकाट बसायचंही नाही. वरच्या कोर्टासमोर तुम्ही-मी नसतो, फक्त कागद असतो. कायद्याने मुळातच निषिद्ध असलेला पुरावा अपिलात तसाही उडवता येतो, पण हरकत नोंदलेली असली की भांडायला पाय रोवायला जागा मिळते. आता उलटतपासणी. खटला तुमच्या हातातून अजून गेलेला नाही."

कुमुद प्रदीपसमोर जाऊन उभी राहिली. मघाच्या गोष्टीतला सोमवार तिच्या डोक्यात घोळत होता.

"फौजदार साहेब, सोमवारी गड्याचा जबाब तुम्हीच घेतलात?"

"हो."

"गड्याने त्यात काय सांगितलं?"

"हरकत आहे!" मितेश ताडकन उठला. चेहरा एकदम उजळलेला. "कलम एकशे बासष्ट, फौजदारी प्रक्रिया संहिता! पोलिसाला दिलेला जबाब असा पुराव्यात आणता येत नाही. ज्याचा जबाब, तो साक्षीला आला तर त्याला खोडून काढायला वापरता येईल. फौजदाराच्या तोंडून नाही!"

"मान्य," साहेब म्हणाले. "शाब्बास! हे दूधवाल्याने नाही शिकवलं." पुन्हा हशा. मितेशने हात वर करून बाकांकडे बघितलं, षटकार मारल्यासारखं.

कुमुद थोडी थांबली. दुसऱ्याने तोडलं की कसं वाटतं ते तिला आत्ता कळलं. काहीच वाटत नव्हतं. नवा प्रश्न शोधायचा, एवढंच.

"बरं. गडी काय म्हणाला ते सांगू नका. तुमच्यापुरतं सांगा. मंगळवारी सुदाम बोलला, त्याच्याआधी कोयता कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं. खरं ना?"

प्रदीपने मितेशकडे पाहिलं. मितेशने कपाळावर हात मारला, पण हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"होतं," प्रदीप म्हणाला.

"सोमवारपासूनच?"

"सोमवारपासूनच."

कुमुद साहेबांकडे वळली. "युवर ऑनर, जे पोलिसांना आधीच ठाऊक होतं ते आरोपीच्या सांगण्यावरून उघडकीस आलं असं म्हणता येणार नाही. मग कलम सत्तावीस लागतच नाही. कापून उरलेलं अर्धं वाक्यही जावं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मीच तुम्हाला अर्धं देऊन बसलो होतो," ते म्हणाले. "हे खुद्द माझ्याही मनात होतं, पण कोणी इथवर येईल असं वाटलं नव्हतं. कोयता सापडला ही गोष्ट उरेल, त्याचं काय करायचं ते सरकार बघेल. पण आरोपीचं वाक्य गेलं. पूर्ण गेलं."

मग जो काही गलका झाला! बाकं, पाय, टाळ्या, सगळं एकदम. खालून शाळेचा शिपाई काय झालं ते बघायला वर आला. सुनीता मॅडम पुढे येऊन कुमुदच्या पाठीवर हात फिरवू लागल्या. "तीन वर्षं," एवढंच त्या म्हणाल्या, "तीन वर्षं पेपरातच बोलत होतीस गं तू."

वडे आले, पण कोणी पांगायला तयार नव्हतं. साहेब एका हातात वडा धरून दुसऱ्या हाताने पुढचा मुलगा बोलवत होते. मघाशी दाराकडे सरकलेले दोघे स्वतःहून पुढे आले. एकाला मृत्यूपूर्व जबाबावर प्रश्न आला. "माहीत नाही सर, पण कलम बत्तीसमध्ये शोधीन," असं त्याने म्हटल्याबरोबर वर्गाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तो बिचारा लाजला. शेवटी दुपारची शाळा भरायची वेळ झाली आणि दाराशी दप्तरं घेतलेली पोरं जमू लागली, तेव्हा कुठे खटले थांबले.

"पुढच्या शनिवारी येऊ का?" साहेबांनी सुनीता मॅडमना विचारलं. "शाल नको. नारळ चालेल."

कुमुद जिना उतरू लागली तेव्हा मितेश मागून धावत आला.

"एक मिनिट. माहिती होती म्हणजे काय? समजा, गडी खोटं बोलत असला तर? फौजदाराने गवत उचकून खात्री कुठे केली होती? खात्री नसताना त्याला माहीत होतं असं कसं म्हणतेस?"

"त्याने मान्य केलं ना?"

"प्रदीपने केलं! खरा फौजदार करेल?"

"खरा फौजदार आला की खऱ्याला विचारीन."

"आणि मी हरकत घेईन."

"घे. कारण काय देशील?"

ते रस्त्यावर आले, बाजारपेठ ओलांडली, एसटी स्टँडवर पोचले. मितेशचं घर उलट्या दिशेला होतं, ते त्याच्या लक्षात नव्हतं. उरणची गाडी फलाटाला लागली, भरली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. कुमुद हातवारे करत मोठमोठ्याने सांगत होती की, खात्री आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकावरची दोन माणसं वर्तमानपत्र खाली करून ऐकत होती. गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटली. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, हाताने जाऊ दे अशी खूण केली आणि मितेशचं वाक्य मध्येच तोडलं.